दोन नोंदींचा एक लेख

सकाळी साडेअकराला वैष्णवीच्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत एकच लेख दोनदा सापडला. शीर्षक तेच, लेखक तेच. एक नोंद २०२१ च्या प्रीप्रिंटची, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधी लेखकांनी इंटरनेटवर ठेवलेल्या मसुद्याची. दुसरी २०२३ मध्ये जर्नलमध्ये छापून आलेल्या लेखाची. संध्याकाळी पाचला विद्यापीठाचं पोर्टल बंद होणार होतं, आणि त्याबरोबर तिची शेवटची मुदतवाढही संपणार होती.

मार्गदर्शक उज्वला मॅडम संशोधन केंद्राच्या दारातूनच म्हणाल्या, "छापील ठेव, मसुदा काढ. नेहमीचंच आहे."

वैष्णवीने सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही नोंदी एकत्र केल्या, जर्नलची मुख्य ठेवली. मजकुरात जिथे जिथे २०२१ होतं, तिथे आपोआप २०२३ आलं. पानक्रमांक छापील प्रतीतून घ्यायचा हा मॅडमचा शिरस्ता. त्यासाठी तिने जर्नलमधला लेख पहिल्यांदाच उघडला आणि सारांशातला आकडा दोनदा वाचला.

कांदा साठवण्याच्या चाळीत खालून हवा खेळवली की सड एकतीस टक्क्यांनी घटते, असं मसुदा म्हणत होता. तपासणीनंतर छापलेल्या लेखात बाराच टक्के उरले होते, आणि तो फरक योगायोगानेही पडू शकतो, अशी कबुली. सटाण्याच्या मोजक्या चाळींवर तिने केलेलं चौथं प्रकरण त्या एकतीसलाच टेकून उभं होतं.

"मग मसुदाच ठेव की," शेजारच्या टेबलावरचा रोहित म्हणाला. तो स्वतःचा प्रबंध टाळायला दुसऱ्यांचे वाचायचा. "आकडा जुळतोय. कोण उघडून बघतंय?"

"आज सकाळपर्यंत मीही तेच म्हणत होते."

वैष्णवीने मॅडमच्या खोलीत जाऊन दोन्ही आकडे सांगितले. मॅडमनी ऐकून घेतलं, दार लोटलं. "तू वाचलास तो मसुदाच ना? वाचलं ते ठेव. खोटं काय त्यात?"

"सकाळी तुम्हीच छापील ठेव म्हणालात."

"सकाळी आकडे सारखे होते."

"सारखे नव्हते, मॅडम. आपण पाहिले नव्हते."

मॅडम चष्मा पुसत राहिल्या.

वैष्णवीने काढलेली नोंद परत आणली. दोन्ही संदर्भ वेगळे ठेवले, मसुद्यापुढे 'प्रीप्रिंट' असा उल्लेख केला, आणि प्रकरणात लिहिलं: मसुद्यात एकतीस, अंतिम लेखात बारा; त्यामुळे त्या अभ्यासाचा या निष्कर्षाला आधार मिळत नाही. 'दुजोरा' हा शब्द पाच ठिकाणी खोडला. प्रकरण उघडंबोडकं दिसू लागलं.

"एवढ्यावर परीक्षक काय म्हणतील, कल्पना आहे?" मॅडमनी विचारलं.

"आहे."

"माझंही नाव आहे त्यावर."

चारनंतर तिने फाइल चढवली. पुढची मंजुरी पाचच्या आत मॅडमच्या लॉगिनवरून व्हायची होती; तिच्याशिवाय प्रबंध जमा धरला जात नसे. मॅडम पर्स घेऊन विभागाच्या बैठकीला गेल्या. वैष्णवीने लावलेला फोन वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही. पाचला दहा मिनिटं असताना पोर्टलवर वैष्णवीच्या नावापुढे लिहिलं होतं: मार्गदर्शकांची मंजुरी प्रलंबित.