वॉर्डातले मुक्कामी

चिंतामणी कर्णिकांना वडाळ्याच्या शुश्रूषा केंद्रात हलवलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, नलूला, बाजूला घेऊन सांगितलं, "आमच्याकडे पेशंट साधारण दोन आठवडे असतो. त्या हिशेबाने तयारी ठेवा." उपचार थांबले होते. आता फक्त वेदना कमी ठेवायच्या होत्या.

नलूने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. बँकेत तीस वर्षं काढलेली बाई, डोळ्यांनी बघितल्याशिवाय आकडा मान्य करायची तिची रीतच नव्हती. आणि वॉर्डात तिला वेगळंच दिसत होतं. शेजारच्या बेडवरचे भिवा गणपतीच्या आधीपासून तिथेच होते. आता दिवाळी होऊन गेली होती. समोरचे एक गुजराती काका तर त्याहून जुने. खिडकीजवळच्या मास्तरांची बायको सगळ्या नर्सना नावाने हाक मारायची. नलूने ज्याला विचारलं त्याचं उत्तर महिन्यांत यायचं.

"डॉक्टर घाबरवतातच," ती टोरांटोत असलेल्या मुलाला, यशोधनला, फोनवर म्हणाली. "इथे सगळे महिनोन् महिने आहेत. तू नाताळच्या सुट्टीत ये सावकाश. आत्ता रजा मिळत नाही ना? मग राहू दे."

यशोधनला तेच ऐकायचं होतं. त्याने तिकीट नाताळचं काढलं.

नलू रोज दुपारी दादर टी.टी.च्या स्टॉपवरून वडाळ्याची बस धरायची. त्या दिवशी तिच्यासोबत क्षितिजा होती, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती वाहतूक नियोजनाच्या एका कंपनीत कामाला होती. बस कुठे, किती वेळाने धावतात याची मोजणी करून आराखडे देणं हेच तिचं काम. काकांना भेटायला म्हणून तिने अर्धा दिवस सुट्टी टाकली होती.

बस येईना. नलू पदराने कपाळ पुसत म्हणाली, "तुमच्या त्या बोर्डावर लिहिलंय, दर दहा मिनिटांनी. म्हणजे सरासरी पाच मिनिटं थांबायला हवं. मी रोज त्याच्या दुप्पट-तिप्पट थांबते. माझंच नशीब फुटकं. तिथे हे वाट बघत असतात आणि मी इथे उभी."

"नशीब नाही गं मावशी. सगळ्यांनाच असं होतं," क्षितिजा म्हणाली. मावशीच्या मनावरचं ओझं थोडं तरी उतरावं असं तिला वाटलं. "सरासरी दहा खरीच आहे. पण बस सारख्या अंतराने येत नाहीत. ट्रॅफिकमध्ये एक अडकते, मागची तिला गाठते, दोघी जोडीने येतात. समज, एक अंतर दोन मिनिटांचं आणि पुढचं अठराचं. दोन्हींची सरासरी दहाच."

"बरं."

"आता वीस मिनिटांतल्या कुठल्या तरी क्षणी तू स्टॉपवर पोचलीस. त्यातली अठरा मिनिटं मोठ्या अंतराची आहेत. म्हणजे दहातल्या नऊ वेळा तू मोठ्यातच सापडणार. छोटं अंतर आलं कधी, गेलं कधी, तुला दिसतच नाही. वेळापत्रक बसच्या बाजूने मोजतं, तू प्रवाशाच्या बाजूने. खोटं कुणीच बोलत नाही."

"म्हणजे जे लांबतं, तेच जास्त भेटतं."

"अगदी तेच."

बस आली, मागोमाग दुसरीही आली. दोघी पहिलीत चढल्या. बसायला जागा मिळाली तरी नलू समोरच्या दांड्याला घट्ट धरून होती.

"क्षितू," थोड्या वेळाने ती म्हणाली, "वॉर्डात पण मी तशीच जाते ना? कुठल्या तरी दिवशी, मध्येच."

क्षितिजाला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती मावशीकडे वळली.

"जो चार दिवसांत जातो, तो मला दिसणारच नाही," नलू शांतपणे बोलत होती, व्याज पडताळून बघावं तशी. "जे टिकलेत तेच बेडवर दिसणार. दाराजवळच्या दोन बेडवर सारखी माणसं बदलतात. परवा एक तरुण मुलगा होता. काल नव्हता. मला वाटलं, दुसरीकडे हलवलं. त्यांची नावं मी कधी विचारलीच नाहीत. भिवांचं विचारलं, कारण ते रोज असतात."

"मावशी, मी बसचं बोलत होते. माणसाचं असं नसतं."

"हिशेब तोच आहे ना? खरं सांग."

क्षितिजाने खिडकीबाहेर बघितलं. खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. "हिशेब तोच आहे," ती शेवटी म्हणाली. "पण त्यातून काकांचं काही ठरत नाही. ते जास्तही काढतील. फक्त... भिवा आहेत म्हणून काकाही राहतील, असं धरता येत नाही."

"डॉक्टर सगळ्यांचे दिवस मोजून सांगत होते. मी उरलेल्यांचे मोजले," नलू म्हणाली.

केंद्रात पोचल्यावर ती आधी दाराजवळच्या बेडपाशी थांबली. तिथे एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून पडले होते. उशाशी त्यांची मुलगी बसली होती. नलूने तिला विचारलं, "यांचं नाव काय?" मग ती नवऱ्याकडे गेली, त्याचे पाय चेपत बसली.

संध्याकाळी परतताना केंद्राच्या फाटकातूनच तिने यशोधनला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो कामावर निघत होता.

"यशू, नाताळ नको. आत्ता ये."

"काय झालं? डॉक्टर काही म्हणाले?"

"डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच चुकीचं बघत होते."

"पण आई, तूच म्हणालीस सगळे महिनोन् महिने..."

"ते राहिलेले होते रे. गेलेले मला कसे दिसणार?" इथे तिचा आवाज फुटला. क्षितिजाने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "दादा, तू निघ. बाकी आल्यावर बोलू."

यशोधन तिसऱ्या दिवशी आला, विमानतळावरून थेट वडाळ्याला. चिंतामणींनी त्याला ओळखलं. दोन दिवस तो शेजारी बसून होता, चमच्याने शहाळ्याचं पाणी पाजत. दुसऱ्या दुपारी त्याने आईला आणि क्षितिजाला बाहेर चहाला पाठवलं आणि तासभर बाप-लेक एकटेच होते. त्यानंतर चिंतामणी फारसे जागे झाले नाहीत. पुढच्या सकाळी नर्सने पडदा ओढला.

शेजारून भिवांनी हात जोडले. "वहिनी," ते म्हणाले, "मी किती जणांना निरोप देऊ?" नलूने त्यांचा हात हातात घेतला.

सगळं आटोपून तिघं दादरच्या घरी आली. क्षितिजाने भात लावला, कुणी फारसं जेवलं नाही. भांडी आवरताना ती नलूला म्हणाली, "मावशी, त्या दिवशी मी गप्प बसले असते तर तुझे ते दिवस तरी बरे गेले असते."

"हो, बरे गेले असते," नलू म्हणाली. "आणि हा तिकडे टोरांटोत असताना ते गेले असते." तिने ओट्यावर फडकं फिरवलं. "रडू नको. मला अजून रडता येत नाहीये, तू सुरू केलंस तर पंचाईत होईल."

बाहेरच्या खोलीत यशोधन वडिलांच्या खुर्चीत न बसता जमिनीवर बसला होता. नलू त्याच्यापाशी जाऊन बसली.

"त्या दुपारी काय बोललात रे दोघं?"

"काही नाही विशेष."

"सांग ना."

"बाबा खूप वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, तुझे केस पिकायला लागले की रे, यशा. मी म्हटलं, हो. तर म्हणाले, जवळ ये. आणि कानामागचे दोन केस उपटून मला दाखवले. म्हणाले, हे बघ, खोटं वाटत असेल तर."

नलू हसली. हसता हसता तिने तोंडाला पदर लावला, आणि मग तिला रडू आवरेना.