निळ्या अक्षरांतली प्रियांका

माझं नाव मी मराठीत लिहिते, म्हणून भर बैठकीत मला कामचुकार ठरवलं गेलं. हे मी अजून गिळलेलं नाही आणि गिळणारही नाही.

आमची शेतकऱ्यांची बियाणे कंपनी. मुख्य ऑफिस पाथरीला, आणि सोनपेठच्या केंद्रावर मी, प्रियांका रेंगे. सोयाबीनच्या बीजोत्पादनाचे प्लॉट फिरायचे, भेसळीची झाडं काढून घ्यायची, फोटो काढून कंपनीच्या ॲपवरच्या गटात टाकायचे, हे माझं काम. पाथरीच्या ऑफिसात दुसरी एक प्रियांका आहे, प्रियांका सोळंके. तिचं काम टेबलावरचं. आम्ही दोघीही कंत्राटी. हंगाम संपला की दोघींपैकी एकीलाच कायम करणार, हे मॅनेजर योगीराज सरांनी पेरणीआधीच सांगून ठेवलं होतं. त्या दिवसापासून सोळंकेबाई मला चहा विचारेनाशी झाली. मीही तिच्याकडे चहा मागायला गेले नाही.

फेब्रुवारीत मराठी भाषा दिनाला आमच्या अध्यक्षांनी, उद्धवरावांनी, हुकूम काढला की ॲपवर सगळ्यांनी आपलं नाव मराठी अक्षरांत करायचं. सगळ्यांनी केलं, फोटो काढले, पेढे खाल्ले. आठवड्याभरात एकेक जण गुपचूप इंग्रजीवर परत गेला, कारण कुणाला कुणी सापडेना. मी गेले नाही. शाळेच्या दाखल्यावर, मतदान कार्डावर माझं नाव जसं आहे तसं ते ॲपवर होतं. त्यात बदलण्यासारखं मला काही दिसलं नाही.

गटात दिवसभर इतके मेसेज पडतात की सगळ्यांनीच त्याचा आवाज बंद केलेला आहे. फक्त कुणी ॲटची (@) खूण घालून आपल्याला टॅग केलं, म्हणजे आपलं नाव मेसेजात निळ्या अक्षरांत आलं, तरच फोन वाजतो. माझा फोन जूनपासून वाजलाच नाही. मला वाटलं, सर माझ्या कामावर खूश आहेत. इतकी मी भोळी.

ऑगस्टमध्ये प्लॉट फुलावर आले आणि एका सकाळी सरजाबाईंचा फोन आला. नदीकाठच्या त्यांच्या रानात आमचा प्लॉट आहे.

"काय ओ बाई, तुमी यायलात म्हणून काल दिसभर आमी बांधावर बसलाव. बाया सांगून ठेवल्या. तुमी काय आल्या न्हाईत."

"मी येते म्हणाले होते? कुणाला?"

"मला काय ठाव? हापिसातून फोन आला, प्रियांका मॅडम उद्या यायल्यात म्हणून. लय येळ बघितली वाट. उद्या ते तपासणीवाले साहेब यायलेत, अन् रानात पांढरं फूल दिसायलंय."

त्या वाणाचं फूल जांभळं असतं. पांढऱ्या फुलांची झाडं उपटली नाहीत तर तपासणीत प्लॉट नापास होतो, आणि बियाण्याचा माल साध्या बाजारभावात जातो. मी गट उघडला. दोन दिवसांपूर्वीचा सरांचा मेसेज होता: सरजाबाईंच्या प्लॉटवर भेसळ काढून घ्या. पुढे निळ्या अक्षरांत इंग्रजीत प्रियांका. खाली उत्तर होतं, "हो सर, उद्या जाते." त्या निळ्या नावावर मी बोट ठेवलं. उघडला तो सोळंकेबाईचा फोटो.

मी तिला लगेच फोन लावला. "सोनपेठच्या कामाला तू हो कसं म्हणालीस?"

"टॅग मला आला. साहेबांना न्हाई म्हणू का?"

"मग गेली का नाहीस?"

"प्लॉट तुझा हाय. मी कशाला जाऊ?"

"मग मला सांगायचं होतंस."

"तू गट वाचत न्हाईस त्याला मी काय करू?" असं म्हणून तिनं फोन ठेवला. तिला सगळं कळत होतं, हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

त्या दिवशी मी, सरजाबाई आणि चार बाया ओळीओळीनं फिरलो. दिवस मावळेपर्यंत पांढऱ्या फुलाचं एकेक झाड उपटून बांधावर ढीग घातला. फोटो गटात टाकले. कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी प्लॉट पास झाला, आणि सरांनी गटात लिहिलं, "शाब्बास." पुढे पुन्हा तेच निळं नाव. खाली सोळंकेबाईनं हात जोडल्याचं चित्र टाकलेलं.

मी पहिल्या एसटीनं पाथरीला गेले आणि ॲपचं काम बघणाऱ्या सिद्धोधनच्या समोर जाऊन बसले. तो माझ्याहून थोडा मोठा, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस. त्यानं स्वतःच्या फोनवर ॲट काढून पुढे इंग्रजीत तीन अक्षरं टाकली. सूचनेत एकटी सोळंके आली.

"ताई, हे फक्त अक्षरं जुळवतं. इंग्रजी अक्षर टाकलं की इंग्रजीत लिहिलेलीच नावं काढतं. तुमचं नाव वाचलं तर तेच हाय, पण याला वाचता येत न्हाई." मग त्यानं कीबोर्ड मराठी केला आणि ॲटपुढे 'प्रि' टाकलं. मी लगेच वर आले, एकटी.

"आणि नुसतं ॲट टाकलं तर?"

"तर सगळी नावं येतात, पण इंग्रजीवाली आधी. मराठी अक्षरांची पार तळाला. तिथपर्यंत कोण सरकवतंय? सर मेसेज बोलून टाकतात मराठीत, अन् नाव तेवढं इंग्रजीत टाईप करतात. पहिलं दिसंल त्याच्यावर बोट."

"हे दुसरं कुणी बघितलंय?"

त्यानं फोन टेबलावर ठेवला. "सोळंके मॅडमनी विचारलं होतं. जुलैमधी."

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी मान वर केली नाही. "इंग्रजीत करून टाक ना नाव. काय अडायलंय तुझं?"

"माझं काही अडत नाही सर. तुम्ही मला हाक मारता आणि ती दुसरीकडे जाते."

"मला ते कीबोर्ड बदलायला टाईम न्हाई," ते म्हणाले आणि फोन कानाला लावला. त्यांच्या फोनवर कुणी नव्हतं, हे मला दाराकडे वळताना दिसलं.

काढणी झाली आणि कायम कुणाला करायचं ते ठरवायला बैठक बसली. उद्धवराव मधल्या खुर्चीत, सर भिंतीवरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडून उभे, आणि आम्ही दोघी समोरासमोर. सर म्हणाले, "माझं काही म्हणणंच न्हाई. रेकॉर्डच बोलंल." त्यांनी ॲपच्या शोधात 'कुणी पाठवलं' या चौकटीत इंग्रजीत प्रियांका लिहिलं. टीव्हीवर सोळंकेबाईचे मेसेज धो धो खाली येऊ लागले. हो सर. करते सर. उद्या जाते सर. झालं सर. सोनपेठच्या प्रत्येक प्लॉटचं नाव त्यात होतं.

"अन् रेंगेबाईचं?" उद्धवरावांनी विचारलं.

"काहीच येईना साहेब. हंगामभर एक उत्तर न्हाई. कामचुकारपणा म्हणावं, दुसरं काय," सर म्हणाले. सोळंकेबाई टेबलावरच्या बाटलीचं झाकण फिरवत बसली होती. ओठांवरचं हसू लपवायची तसदीही तिनं घेतली नाही.

मी म्हणाले, "सर, तिथं मराठीत लिहून बघा."

"इथं मराठी न्हाई. पुढं चला."

मी फोन काढला. माझ्या प्रोफाइलमध्ये जाऊन 'प्रियांका' पुसलं आणि तेच नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं. "आता लिहा. एकदाच."

सरांनी उद्धवरावांकडे बघितलं. उद्धवराव म्हणाले, "लिवा की."

या खेपेला चौकटीखाली दोन प्रियांका आल्या. सरांनी दुसरीवर टिचकी मारली आणि टीव्हीवर माझा हंगाम उतरायला लागला. जूनचे उगवणीचे फोटो, ओळीत बसलेल्या बाया, बांधावरचा पांढऱ्या फुलांचा ढीग, सरजाबाईंचा चिखलाचा पाय, तपासणीचा कागद. माझे जुने मेसेज कुठं गेलेले नव्हते. नाव बदललं तसे ते नव्या नावाखाली उभे राहिले.

उद्धवराव सोळंकेबाईकडे वळले. "पोरी, सरजाबाईचं रान नदीच्या अल्याड का पल्याड?"

तिनं बाटली खाली ठेवली. "मी... टॅग मला आला होता साहेब."

"मी रान विचारलं."

तिनं बाटली पुन्हा उचलली. मला तिची जराही दया आली नाही. जुलैमध्ये तिनं सिद्धोधनला विचारलं होतं, तेव्हा तिलाही माझी आली नव्हती.

"सोनपेठला हीच राहील. कायम," उद्धवराव उठत म्हणाले.

सरांनी लॅपटॉपची वायर ओढून काढली. माफी वगैरे त्यांच्या तोंडात बसत नाही. "चला, बरं झालं. आता नाव असंच राहू दे इंग्रजीत, म्हणजे घोळ न्हाई होणार."

मी तिथंच, त्यांच्या डोळ्यांदेखत, प्रोफाइल पुन्हा उघडलं. इंग्रजी नाव पुसलं आणि माझं नाव जसं होतं तसं लिहिलं.

"हा काय आडमुठेपणा?"

"तुम्ही बोलता मराठीत, सर. हाकही मराठीतच मारा. नाहीतर ती ज्या दारात जाईल तिथून उत्तर घ्या."

"लय शहाणी झालीस," ते म्हणाले. उद्धवराव दाराशी थांबून ऐकत होते, म्हणून पुढचं त्यांनी पोटात ठेवलं.

परवा मी केंद्रावर पोती मोजून घेत होते. गट उघडा होता. सरांचा मेसेज पडला: सोनपेठचे नमुने आज गाडीत चढवा. पुढे निळ्या अक्षरांत इंग्रजी प्रियांका. माझा फोन वाजला नाही. मी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. गाडी दारात उभी होती, नमुने माझ्या टेबलावर होते, आणि ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला.

थोड्या वेळानं बघितलं तर सोळंकेबाईचं उत्तर आलेलं होतं. या वेळी हात जोडलेले नव्हते. "सर, ती मी न्हाई." कंपनीतल्या सगळ्यांनी वाचावं अशा गटात तिला ते लिहावं लागलं.

मी पुढच्या पोत्याकडे वळले. ड्रायव्हरनं आत येऊन विचारलं, "काय करायचं मॅडम, चढवू का?"

"थांबा," मी म्हणाले. "अजून मला कुणी सांगितलेलं नाही."

मग टेबलावर फोन वाजला. मी तो उलटला. निळ्या अक्षरांत, मराठीत, माझं नाव होतं. सरांनी पुढे एवढंच लिहिलं होतं: चढव.

मी ड्रायव्हरला हात केला. सरांना उत्तर द्यायची घाई केली नाही.