तुळसाचा एकतर्फी फोन

आचऱ्याच्या बाजारात माझं मोबाइल रिचार्जचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. फोनात काही बिघडलं की लोक कंपनीला शिव्या देत नाहीत, आनंदीला, म्हणजे मला देतात. त्या वर्षी, दोन हजार सातमध्ये, किनाऱ्यावरची सगळी वाडी माझ्या डोक्यावर बसली होती. फोन लागायचा, पलीकडचा माणूस स्पष्ट ऐकू यायचा, पण आपला आवाज त्याला जायचा नाही. कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, रेंज पूर्ण दिसतेय ना? मग हँडसेट बदला."

अख्ख्या वाडीचे हँडसेट एकदम कसे बिघडतील? मी चिडले आणि पत्रच लिहायला घेतलं. पण नुसती तक्रार केली असती तर ती कचऱ्यात गेली असती. म्हणून दोन फोन पिशवीत टाकले आणि तुळसाकडे गेले. तिचं घर वाडीच्या टोकाला, अगदी वाळूला लागून.

तुळसा मासे विकते. नवरा बाळा रत्नागिरीला ट्रॉलरवर खलाशी. मे महिन्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि ही त्याला म्हणाली होती, "परत ह्या घरात पाय ठेव नको." तोही तिरसट, गेला तो गणपतीलासुद्धा आला नाही. वाडीला सगळं ठाऊक होतं.

मी माझे दोन्ही फोन तपासत होते, तेवढ्यात तिचा वाजला. तिनं बटण दाबलं. जुना फोन, आवाज मोठा. मला सगळं ऐकू आलं.

"तुळसा, अजून राग गेलो नाय तुजो? रोज फोन उचलतंस आणि बोलणस नाय. नुसतो 'ये' म्हण गो. शनवारी ट्रॉलर थंय गुजरातेत वेरावळाक जातलो. मग मी हंगाम संपासर येवचंय नाय."

बिचाऱ्याला वाटत होतं, बायकोनं अबोला धरलाय! आणि तुळसा फोनला बिलगून म्हणत होती, "येवा ओ. माजा चुकला. तुमच्याशिवाय माका जेवाण जायत नाय." एक अक्षर त्याला जात नव्हतं. जरा वाट पाहून त्यानं फोन ठेवला.

"अगो, बाजारात चल!" मी ओरडले. "थंयसून आवाज जाता. सांगून टाक त्येका."

ती आली. मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. बाळा "हॅलो" म्हणाला आणि हिनं फोन कापला.

"आवाज जाता म्हटल्यार त्वांड उघडणा नाय," ती म्हणाली. "मीच पाय ठेव नको म्हटलंय. आता ये कसा म्हणा? आणि तू सांगलंस तर माजी शपथ आसा."

मला तिचा संताप आला आणि कीवही. तिथेच दुकानात उभ्याउभ्या पत्र पुरं केलं. 'तेच दोन हँडसेट बाजारातून नीट चालतात. किनाऱ्यावर दोन्हींचा आवाज पलीकडे जात नाही, पलीकडचा मात्र येतो. म्हणजे दोष हँडसेटचा नसून आपल्या टॉवरच्या समुद्राकडील बाजूचा आहे.' खाली दोन्ही जागा, फोन नंबर आणि केलेल्या कॉलच्या वेळा लिहिल्या. कणकवलीला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे देऊन कंपनीच्या तिथल्या ऑफिसात पोचतं केलं.

शुक्रवारी कंपनीची गाडी आली. एक माणूस टॉवरवर चढला. समुद्राकडच्या अँटेनाजवळ एक डबा असतो, फोनकडून येणारा क्षीण आवाज उचलून घेणारा. खाऱ्या वाऱ्यानं तो गंजून इतका कमजोर झाला होता की फोन लागायचा, पण बोलणं पुढे जायचं नाही. टॉवरकडून आपल्याला येणारा आवाज त्याच्यातून जात नाही, म्हणून रेंज पूर्ण दिसायची. त्यांनी डबा बदलला, वाळूत उभं राहून बोलून पाहिलं आणि गेले. तुळसा तेव्हा मासे घेऊन शेजारच्या चिंदर गावाला गेली होती.

संध्याकाळी मी तिला सांगायला गेले. खरंच सांगायलाच. पण ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती आणि मी तोंड उघडलं तोच फोन वाजला. मी तोंड मिटलं.

"तुळसा," बाळा म्हणाला, "उद्या जातंय मी."

"जाव नकात ओ," ती रोजच्यासारखी मोकळेपणानं म्हणाली. "येवा घराक. माजा चुकला. रोज तुमचा ताट वाढतंय आणि मगे झाकून ठेवतंय."

पलीकडे सामसूम. तिनं फोन कानापासून काढून पाहिला, पुन्हा लावला.

"आनंदी, आता त्येंचो आवाज येणा नाय बग! लिही परत पत्र."

फोनात कोणीतरी जोरात नाक ओढलं.

"आयकलंय गो," बाळा म्हणाला. "सगळा आयकलंय. सकाळची एसटी धरतंय."

तुळसानं माझ्याकडे असं बघितलं की मी चपला हातात घेऊन पळाले. मागून तिच्या शिव्या येत होत्या, आणि मधेच ती फोनात म्हणत होती, "तुमका नाय ओ, त्या आनंदीक!"