वहिनीचा नंबर

एक्स-रे विभागात तिला सगळे बाई म्हणायचे आणि घरी वहिनी. मोठ्या सरकारी इस्पितळात ती मुख्य तंत्रज्ञ होती. तिचं पाहूनच तिच्या दिरानं तोच कोर्स धरला. शेवटच्या वर्षाला तो दोनदा आपटला. तिसऱ्यांदा पास झालो म्हणाला, तेव्हा सासूबाईंनी अख्ख्या चाळीला गोड वाटलं होतं. मग तो बाजारपेठेतल्या एका स्कॅन सेंटरवर लागला आणि दोन वर्षं तिथंच टिकला. भाऊजींची गाडी एकदाची रुळावर आली, असं वहिनीला वाटलं होतं.

रविवारी सकाळी तो दोन छापील पानं घेऊन स्वयंपाकघरात आला.

"वहिनी, बायोडाटा केलाय. नवीन हॉस्पिटलात जागा निघाल्यात. जरा नजर टाक ना."

ती भाजी निवडत होती. हात पुसून तिनं पानं घेतली. पहिल्याच ओळीत त्यानं येत असलेली यंत्रं मांडली होती: एक्स-रे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी. सेंटरवर एक्स-रे आणि जुना सीटी एवढंच होतं, हे तिला ठाऊक होतं. पण नोकरीसाठी माणूस थोडं फुगवतोच, म्हणून तिनं ते सोडून दिलं. पुढची ओळ वाचून मात्र तिला हसू फुटलं.

"एमआरआय करताना लेड एप्रन नियमित वापरतो? अहो भाऊजी, तिथं चुंबक असतं, किरणं नसतात! हे मुलाखतीत वाचून दाखवलंत तर चहा न पाजताच घरी पाठवतील."

"मग काढून टाक ते," तो म्हणाला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

"आणि हे काय, दिवसाला दीडशे एक्स-रे, रिपीट शून्य? माझ्याकडे एवढी वर्षं झाली, तरी कुणी श्वास सोडतं, कुणी हलतं, एखादी फिल्म परत घ्यावीच लागते. शून्य लिहिलंत म्हणजे वाईट निघालेल्या फिल्मही तशाच डॉक्टरांकडे पाठवता."

"वेळ कुठाय वहिनी? बाहेर रांग असते. एकच सेटिंग लावून ठेवायचं, दाबायचं, पुढचा. लहान-मोठं बघत बसलं तर संध्याकाळ होते."

हे त्यानं कौतुकाच्या स्वरात सांगितलं. वहिनीच्या हसण्याला तिथंच ओहोटी लागली. एकच सेटिंग म्हणजे दोन वर्षांच्या पोराला आणि शंभर किलोच्या माणसाला सारखाच डोस. ती पुढं वाचत गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. नोंदणी क्रमांक. हा क्रमांक तिला पाठ होता. दर नूतनीकरणाला ती तो स्वतःच्या हातानं भरायची.

"हा माझा नंबर आहे."

"हो ना. आडनाव एक, पहिलं अक्षर एक. कुणाला कळतंय?"

"तुमचा कुठाय?"

तो दाराच्या चौकटीला टेकला. "तो एक पेपर राहिलाच की. मी तेव्हा आईला पास म्हणून सांगून टाकलं. सेंटरवरही तुझंच सर्टिफिकेट दिलंय, घरात झेरॉक्स होतीच. दोन वर्षं झाली, काही बिघडलं का?"

वहिनीला त्या क्षणी राग नव्हे, शिसारी आली. कुणी आपला टूथब्रश दोन वर्षं वापरतोय हे कळावं, तसं तिला झालं. तिनं पानं ओट्यावर ठेवली आणि साबण लावून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती त्या सेंटरवर गेली. काउंटरमागं भिंतीवर तिच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स फ्रेम करून टांगलेली होती. फोटोवर सेंटरचा स्टिकर चिकटवला होता. पहिलं नाव पुसट करून फक्त आद्याक्षर आणि आडनाव ठेवलं होतं. खाली तिचा नंबर मात्र ठळक होता.

एक्स-रेच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत एक बाई तापलेल्या पोराला उभं धरून होती, अंगावर एप्रन नाही. एप्रन होता खुर्चीवर, उशीसारखा घडी घालून. घडीच्या जागी आतलं शिसं तडकतं, म्हणून वहिनी आपल्याकडे तो रुंद दांडीवर लटकवायची. छातीची फिल्म होती, पण किरणं कुठं पडणार ते दाखवणारा यंत्राचा उजेड पोराच्या हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत पसरला होता. दीर काचेमागून ओरडला, "हलू नका!" बाईच्या पोटाकडे कुणी पाहिलं नव्हतं, दिवस गेलेत का म्हणून विचारलंही नव्हतं.

"थांबा!" वहिनी ओरडली आणि आत शिरली. तिनं घडी उलगडून तो एप्रन त्या बाईला बांधला, उजेड पोराच्या छातीपुरता आवळला आणि यंत्राचे आकडे खाली आणायला लावले. दिवस गेल्याची शंका नाही ना, हेही विचारून घेतलं. मगच फिल्म होऊ दिली.

"तुमचा बॅज कुठाय?" पोर गेल्यावर तिनं दिराला विचारलं. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा तो बॅज छातीवर लावून फिरायचं असतं.

"ड्रॉवरमध्ये. सगळ्यांचे तिथंच असतात. रीडिंग कायम स्वच्छ येतं," तो हसला.

तोवर सेंटरचे मालक डॉक्टर आले. सगळं ऐकून घेतल्यावर ते अगदी गोड बोलले. "ताई, तुमचा दीर हिरा आहे. पेशंट बसून राहत नाही. आणि हे नंबराचं कशाला मनाला लावून घेता? कागदावर तुम्हीच राहा ना. यायची गरज नाही. महिन्याला काहीतरी बघू."

ते बोलणं कानात नव्हे, अंगावर सांडल्यासारखं तिला वाटलं. तिनं स्टूल ओढलं आणि फ्रेम भिंतीवरून उतरवली.

"न्या, न्या," डॉक्टर म्हणाले. "आणखी झेरॉक्स आहेत आमच्याकडे."

त्याच संध्याकाळी तिनं नोंदणी मंडळाला आणि किरणोत्सर्ग सुरक्षा खात्याला तक्रार लिहिली. मग घरात सांगितलं. लपवाछपवी तिला करायची नव्हती.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "स्वतःच्या दिराच्या मुळावर उठलीस! एक नंबर वापरला पोरानं, तर नंबर काय झिजतो का?"

"आई, तो नंबर म्हणजे मी जबाबदार आहे असं लिहून देणं आहे. त्या पोराच्या अंगावर जे पडलं, ते कागदावर मी टाकलंय."

नवऱ्यानं ताट पुढं ओढलं. म्हणाला, "आधी घरात बोलायचं होतंस." घरातच तर बोलले होते, रविवारी, भाजी निवडताना, असं तिच्या ओठांवर आलं. पण ताटात हात घालून तो जेवायला लागला होता, आणि त्याच्या चावण्याचा आवाजही तिला नकोसा झाला.

सुरक्षा खात्याची माणसं आली. सेंटरच्या यंत्राला सील लागलं. मंडळानं वहिनीलाही जबाबाला बोलावलं. झेरॉक्स तुमच्याच घरातून गेली ना, हा प्रश्न तिला तीन-तीनदा ऐकावा लागला. निकाल येईपर्यंत तिला फिल्मला हात लावता येईना. ती विभागात टेबलाशी बसून रांगेचे टोकन देत राहिली, आणि कालपर्यंत बाई-बाई करणारे जवळून जाताना आवाज खाली करत. शेवटी निर्दोष असल्याचं पत्र आलं, तेव्हा घरात कुणी ते हातातही घेतलं नाही.

दिराची नव्या हॉस्पिटलातली मुलाखत अर्थातच बुडाली. तो काही दिवस खोलीत पडून राहिला. उरलेला पेपर द्या, मी शिकवते, असं वहिनी दारात उभी राहून एकदा म्हणालीही. त्यानं कूस बदलली.

मग एका दुपारी सासूबाई गोडाची वाटी घेऊन घरभर फिरल्या. शेजारच्या शहरात दिराला काम मिळालं होतं.

"एक्स-रेवरच," तो पाय पसरून सांगत होता. "तिथल्या मालकांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, नंबर नसला तरी चालतं. कुणाचातरी आणू."

सासूबाईंनी वाटी वहिनीपुढं धरली. "घे. झालं गेलं विसर आता."

वहिनीनं वाटीकडे पाहिलं. तिनं वाटी हलकेच बाजूला सारली आणि फोनशेजारचं पेन उचललं.

"पत्ता काय म्हणालात, भाऊजी?"