शेऱ्याचा रकाना

विनीताने चहाचा कप बाजूला सारला आणि बँकेतल्या संशयित व्यवहारांचा सकाळचा अहवाल पडद्यावर पुन्हा वर सरकवला. तीच नोंद. रोख जमा, एकोणपन्नास हजार. काल कंधार शाखेत, परवा जळकोटला, त्याआधी उदगीरला. खातं मात्र एकच, तेही लातूरच्या त्यांच्याच शाखेतलं.

आधी तिला वाटलं, यंत्राने एकच भरणा पुन्हापुन्हा मोजला. पण प्रत्येक नोंदीचा व्यवहार क्रमांक वेगळा होता. पन्नास हजारांवर रोख भरली की पॅन मागतात, म्हणून कुणीतरी जपून त्याखाली राहत होतं. आणि दर वेळी संध्याकाळच्या आत पैसा फोनवरून दुसरीकडे वळता झाला होता. खातेदार चांगुणा. व्यवसाय घरकाम. विनीताच्याच घरी.

"भाड्याने दिलं असेल खातं," शाखाधिकारी शरदचंद्र मागून वाकून म्हणाले. निवृत्ती जवळ आल्यापासून त्यांना कशाचंच नवल वाटत नसे. "शेरा लिहा, मुख्य कार्यालयाला पाठवतो. पुढचं ते बघतील. अन् खातेदाराला चाहूल लागू देऊ नका. नियम आहे."

ते केबिनमध्ये गेले आणि खिडकीशी चांगुणाच उभी राहिली, पदराने घाम टिपत.

"ताई, गॅसचे पैसे आले का वं माझे?"

"पासबुक आणलंस?"

"न्हाई की. पासबुक, कार्ड, समदं दादांपाशी हाय. शिमकार्ड बी त्येंनीच घेऊन दिलं. म्हनले, तू हरवशील." ती हसली. "लई जीव लावतेत दादा."

दादा म्हणजे श्रीनाथ, विनीताचा नवरा. खतांच्या कंपनीसाठी फिरणारा. काल कंधारला होता, परवा जळकोटला. दोन्ही दिवशी डबा विनीतानेच भरून दिला होता.

"नाही आले अजून," ती म्हणाली.

चांगुणा बाकावर टेकली. पंख्याखाली जरा बरं वाटतं म्हणाली.

शेऱ्याचा रकाना रिकामा होता. अहवालात श्रीनाथचं नाव कुठेच नव्हतं. ते तिथे आणायचं तर तिलाच लिहावं लागणार होतं. तिने 'खाते दुसरी व्यक्ती' एवढं लिहिलं आणि थांबली. लेकीची बारावी होती. सासूबाई होत्या. तिला स्वतःची शिसारी आली, पण बोटं थांबली नाहीत. अक्षरं एकेक करून पुसली गेली.

'खातेदार स्वतः व्यवहार करते. उत्पन्नाशी मेळ नाही. संशयास्पद.'

तिने अहवाल पुढे पाठवला.

"येते ताई," चांगुणा उठली. "सांजच्याला भाकरी टाकू का पोळ्या?"

विनीताने पडद्यावरची नजर काढली नाही.

"पोळ्या कर. दादा घरी आहेत आज."