मधली शेपटी

"मॅडम, दोन शेपट्या! दोनच!"

वकील ओरडला. त्याचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची खोड असल्यामुळे वर्गाने त्याला ही पदवी पहिल्याच वर्षी बहाल केली होती. गुडघाभर पाण्यातून तो पांढरा ट्रे सांभाळत काठावर आला. बाकीची मुलं ट्रेभोवती गोळा झाली.

मॅडम खाली बसल्या. वर्गात त्या मॅडम होत्या आणि घरी मनी. या प्रात्यक्षिकाची जबाबदारी त्यांच्याकडे यंदा पहिल्यांदाच आली होती. त्याआधीची बावीस वर्षं ते त्यांच्या वडिलांचं होतं, आणि त्यांना सगळं गावच सर म्हणत असे.

काम तसं सोपं. ओढ्याच्या तळाशी जाळी धरायची, तिच्यासमोरचे दगड तीन मिनिटं पायाने ढवळायचे, वाहून जाळीत आलेलं ट्रेमध्ये ओतायचं आणि त्यात कोण कोण जिवंत आहे ते बघायचं. दोन शेपट्यांची स्टोनफ्लायची अळी सगळ्यांत नाजूक, पाण्यातला प्राणवायू जरा कमी झाला की तीच आधी जाते. ती मिळाली तर ओढा वरच्या श्रेणीत. नुसते गाळातले किडे आणि लाल अळ्या उरल्या तर तळाच्या श्रेणीत.

"पण मॅडम," वकिलाने सकाळीच विचारलं होतं, "बाटलीत पाणी भरून तपासलं की झालं ना? एवढी डुबक्यांची हौस कशाला?"

"बाटली तू भरशील त्या क्षणापुरतं सांगेल. वरच्या कारखान्याने काल रात्री घाण पाणी सोडलं आणि आज सकाळी बंद ठेवलं, तर बाटली म्हणणार, सगळं छान. ही अळी इथे कित्येक महिने राहते. तिला सुट्टी नसते."

आता मॅडम ट्रेमध्ये भिंगातून बघत होत्या. शेपट्या दोनच दिसत होत्या, खरं. पण दोन्हींच्या मधोमध एक बारीक खुंट होता. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले होते आणि पायाच्या टोकाला एकच नखी.

"मधली मोडलीय," त्या म्हणाल्या. "ही तीन शेपट्यांची मेफ्लाय. त्यातही जरा काटक जातीची, थोडी घाण सोसते. स्टोनफ्लायला दोन नख्या असतात आणि पोटावर असे कल्ले नसतात. शेपट्या मोजू नका, त्या मोडतात. कल्ले बघा."

"म्हणजे माझी केस फेटाळली," वकील म्हणाला, आणि सगळे हसले.

मॅडमही हसल्या. पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं. त्यांना प्रयोगशाळेतलं कपाट आठवलं होतं.

तीन ठिकाणी जाळ्या लावून झाल्या, स्टोनफ्लाय एकही नाही. बंधाऱ्याजवळच्या झाडांवर मुलांनी चौकटी ठेवून दगडफूल मोजलं, हवा बिघडली की ते आधी जातं म्हणून. झुडपासारखं वाढणारं शून्य, पानासारखं शून्य, सालीला चिकटलेले पापुद्रे दोन चौकटींत. बाकी खोडावर नुसती हिरवी भुकटी. वरच्या अंगाला पुठ्ठ्याच्या कारखान्याचं धुराडं दिसत होतं. धूर झाडांवर आणि पाणी ओढ्यात, दोन्हीकडून तोच.

संध्याकाळी मुलं गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. दर वर्षी सर श्रेणी ठरवणारा एक जीव अल्कोहोलमध्ये जपून ठेवत. बाटलीत चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. शेवटच्या सहा वर्षांच्या सहा बाटल्या होत्या. सहांवर एकच शब्द, स्टोनफ्लाय. अक्षर मात्र वर्षागणिक मोठं होत गेलेलं.

त्यांनी एकेक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली रिकामी केली. पहिली खरी होती. दुसऱ्या बाटलीत कल्ले होते. तिसरीत कल्ले, चौथीत कल्ले. पाचवीत तर तिन्ही शेपट्या शाबूत होत्या. शेवटच्या बाटलीतही एकच नखी.

"मामा," त्यांनी प्रयोगशाळेच्या शिपायाला हाक मारली. "या वर्षांत सर स्वतः सूक्ष्मदर्शकातून बघायचे?"

मामा फडकं झटकत म्हणाले, "बघायचे की. पुष्कळ वेळ बघायचे. मग म्हणायचे, मामा, नोंदवहीत लिहा. मला काय कळतंय बाई त्यातलं? साहेब म्हणतील ते मी लिहिणार."

"चिठ्ठ्या?"

"त्या त्यांच्याच."

बाबांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार सहा महिन्यांपूर्वी घरात कळला. तोवर ते वर्तमानपत्र मनीकडून वाचून घेत आणि म्हणत, तुझा आवाज गोड आहे, म्हणून. तिलाही ते आवडायचं. आता तिला त्या गोड आवाजाची लाज वाटली.

टेबलावर प्रदूषण नियंत्रण कार्यालयाचं पत्र पडलं होतं. कारखान्याला वाढीची परवानगी द्यायची की नाही यावर सोमवारी सुनावणी आहे. महाविद्यालयाने ओढ्याच्या मागील दहा वर्षांच्या नोंदींची प्रमाणित प्रत द्यावी. प्रमाणित करणार कोण, तर विषयशिक्षक. म्हणजे मनी.

सहीसकट त्या नोंदी तशाच गेल्या तर कारखाना दुप्पट होणार होता. सुधारून गेल्या, तर बाबांचं नाव सगळ्यांसमोर चुकीचं ठरणार होतं. आणि तिला माहीत होतं, बाबांकडे आता नावाखेरीज फारसं काही शिल्लक नव्हतं.

जेवताना बाबांनी विचारलंच. "काय, कुठली श्रेणी?"

"खालून दुसरी."

"दोन शेपट्यांची नाही मिळाली?"

"नाही."

"पोरांनी दगड नीट ढवळले नसतील. आजकालच्यांना पाय ओले करायला नको." त्यांनी ताटातलं बोटांनी चाचपत घास घेतला. "उद्या मी येतो. रविवार आहे, कुणाच्या मध्ये मध्ये येणार नाही."

"बाबा, राहू दे ना. निसरडं आहे."

"बावीस वर्षं तिथे उभा राहिलोय. मला काय निसरडं सांगतेस?"

सांगायचं ते ओठांवर आलं होतं, ते तिने पाण्याबरोबर गिळलं.

सकाळी ती त्यांना कोपराला धरून बंधाऱ्यापर्यंत घेऊन गेली. बाबांनी पाण्याकडे बघितलंच नाही. ते सवयीने पहिल्या झाडाकडे गेले आणि खोडावर तळहात टेकवला. डोळ्यांनी त्यांना तिथे करडे ठिपके दिसत असावेत. ओल्या सालीवरचे डाग दुरून कुणालाही दगडफुलासारखेच दिसले असते. पण बोटांना फसवता येत नव्हतं. त्यांनी हात वर नेला, खाली आणला, झाडाला वळसा घातला. मग दुसरं झाड. मग तिसरं.

"साल गुळगुळीत आहे," ते म्हणाले.

"हो."

"इथे पानासारखं होतं. माझ्या पंज्याएवढं. कडा उचलून मुलांना खालची काळी बाजू दाखवायचो मी." त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली. हिरवी भुकटी लागली होती. "हे एका वर्षात जात नाही, मनी. ते वर्षाला नखभरसुद्धा वाढत नाही, आणि जातानाही आधी पांढरं पडतं, कडा सुटतात, मग गळतं. मी गेल्या वर्षी काय लिहिलंय?"

तिला नोंदवही पाठ होती. "पानासारखं, सात चौकटींत."

ओढा वाहत होता, त्याला सडक्या कागदाचा आंबूस वास येत होता.

"बाटल्या बघितल्यास?"

"काल."

"सहाही?"

"पहिली बरोबर आहे, बाबा. स्टोनफ्लायच आहे ती."

"आणि पाच?"

"मेफ्लाय. कल्ले आहेत."

"काल बघितल्यास, आणि काल जेवताना माझ्यासमोर बसून होतीस," ते म्हणाले. रागावून नाही. एखादी नोंद करावी तसं. मग ते तिथेच दगडावर बसले. "मला शेपट्या दिसत होत्या असं वाटायचं. खरंच वाटायचं. बघायचं ते आधीपासून डोक्यात होतं ना."

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही आणि धरलाही नाही.

घरी आल्यावर त्यांनी तिला नोंदवही आणि पेन घ्यायला लावलं. "खाडाखोड करू नकोस. जुनं वाचता आलं पाहिजे. खाली लिही. या पाच वर्षांतला ओळख पटवलेला जीव स्टोनफ्लाय नसून मेफ्लाय आहे, नमुने बाटल्यांत उपलब्ध. झाडांवरील नोंदीही विश्वासार्ह नाहीत. नोंद करणाऱ्याची दृष्टी त्या काळात अधू होती." ते थांबले. "आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाही. हेही लिही."

"ते कशाला, बाबा?"

"लिही."

तिने लिहिलं. सहीच्या जागी त्यांचं बोट नेऊन टेकवलं. सही ओळीच्या बाहेर गेली.

"आता फोन लाव. नर्सरीवाल्याला."

ती त्याला ओळखत होती. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्याची रोपवाटिका होती, आणि तो एकेकाळी बाबांचाच विद्यार्थी. रोपांची मुळं कुजतात म्हणून त्याने तक्रार केली होती. कार्यालयाने उत्तरासोबत बाबांच्या नोंदीचं पान जोडून अर्ज फेटाळला. तीन वर्षांपूर्वी तो अर्ज घेऊन घरी आला, सर, एकदा परत बघा म्हणाला. बाबांनी त्याला दारातच उभं ठेवून विचारलं होतं, "माझ्या नोंदीपेक्षा तुझी रोपं शहाणी का रे?" पुढच्या वर्षी त्याने जमीन विकली. घेणारा कोण, हे विचारायची गरज नव्हती.

तिसऱ्या रिंगला त्याने फोन उचलला. मागे कुठेतरी पाण्याचा पाइप सुरू होता. तो आता दुसऱ्यांच्या बागा सांभाळत होता. बाबांनी सगळं सांगितलं, मधे न थांबता, वर्गात सांगावं तसं क्रमाने. शेवटी म्हणाले, "तुझी रोपं बरोबर होती. मी चुकलो."

पाइप बंद झाल्याचा आवाज आला.

"सर, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुमच्या डोळ्यांचं. त्या दिवशी मी अर्ज दिला, तो तुम्ही उलटा धरलात. आणि पूर्ण वाचला. पान उलटून मागची बाजूसुद्धा. मागे काही लिहिलेलंच नव्हतं, सर."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कसं म्हणणार? दारात ताई उभ्या होत्या, शेजारी बघत होते. म्हटलं, जाऊ दे, जमिनीचं काय ते बघू."

बाबांनी फोन तिच्याकडे दिला. तिने कानाला लावला. तिकडून तो म्हणाला, "ताई, सुनावणीला मी आलो तर चालेल का? माझं आता तिथे काही नाही. पण बाटल्या बघायच्या होत्या."

"या," ती म्हणाली. "सोमवारी. अकरा वाजता."

बाबा खुर्चीत सरळ बसले होते. समोरच्या भिंतीकडे तोंड करून, हातात तो अर्ज धरल्यासारखी बोटं पुढे केलेली.