गंजाचं पाणी कुठे जातं

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि तिच्या कामालाही घरात धाकटंच समजत. इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल हे जलरंगात रंगवून देणं हा तिचा धंदा. ताई आर्किटेक्ट. इतकी वर्षं ताई आपल्या इमारतींची चित्रं संगणकावर करून घ्यायची आणि धाकटीला फोन करायची तो अगदी शेवटी, "दोनचार झाडं टाकून दे गं" म्हणून. झाडं टाकून टाकून धाकटीला झाडांचा राग यायला लागला होता.

या वेळी मात्र ताई अडली होती. नव्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर तिला कॉर्टेनच्या प्लेटा लावायच्या होत्या. कॉर्टेन म्हणजे असं पोलाद की ज्याला गंज चढतो आणि तो गंजच मग त्याचं कातडं होऊन आतलं पोलाद जपतो. समितीच्या अध्यक्षबाईंनी संगणकावरचं चित्र पाहून नाक मुरडलं. "गंजका पत्रा लावायला माणसं आर्किटेक्ट कशाला नेमतात?" असं त्या सरळ म्हणाल्या. शुक्रवारी शेवटची बैठक. तिथे जमलं नाही तर भिंतीला साधा रंगवलेला पत्रा.

"हातानं रंगवलेलं दाखवून बघू," ताई म्हणाली. "अख्खं चित्र तुझं."

धाकटीला आनंदानं उडी मारावीशी वाटली. पण हे फसलं तर जन्मभर झाडं.

पहिलं चित्र तिनं दोन दिवसांत केलं. ओल्या कागदावर विटकरी रंगाचा हात, त्यात तो ओला असतानाच गडद तपकिरी सोडलेला, वर चिमूटभर मीठ, म्हणजे वाळताना रंग दाणेदार फुटतो. मग गंजाचे ओघळ. ते तिनं सगळ्या प्लेटांवर सारखे, वरून खाली, छान लयीत ओढले. बाबा चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. ते निवृत्त दंतवैद्य, आणि टीका करताना भूल द्यायची त्यांना सवय नव्हती.

"चॉकलेटच्या वड्या झकास आल्यात," ते म्हणाले.

धाकटी चिडली, कारण त्यांचं खरं होतं. प्लेटांना जाडी नव्हती. बोल्ट तिनं काढलेच नव्हते. आणि ओघळ कुठूनही सुरू होऊन कुठेही संपत होते. ताईनं नमुन्याला दिलेली, सहा महिने गच्चीवर ठेवून बोल्टांसकट गंजवलेली प्लेट कोपऱ्यात तशीच कागदात गुंडाळलेली होती. तिनं ती सोडली, बाल्कनीत पांढऱ्या फरशीवर दोन विटांवर उभी केली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

"आंघोळ घालतेस की काय तिला?" बाबांनी आतून विचारलं.

"गप्प बसा हो. बघू द्या."

पाणी सरळ खाली येतच नव्हतं. ते बोल्टाच्या डोक्याशी अडायचं, त्याला वळसा घालायचं आणि मग त्याच्या खाली एकच बारीक रेघ धरून उतरायचं. म्हणजे ओघळाला जन्मगाव असतं! बोल्टाखाली प्लॅस्टिकची चकती होती, दोन निरनिराळे धातू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. त्या चकतीची काळी कड चित्रात आली की बोल्ट भिंतीवर काढलेलं टिंब न वाटता घट्ट आवळलेला वाटणार होता. प्लेटेची कड जेमतेम सहा मिलीमीटर. कागदावर ती केसाएवढीच येणार, पण उन्हाच्या बाजूला तेवढा केसभर कागद कोरा ठेवला आणि दोन प्लेटांमधल्या फटीत गडद सावली भरली, की पोलादाला वजन येणार. धाकटी बाल्कनीत उकिडवी बसून एकटीच हसत होती. पाणी खालच्या कडेशी थबकलं, थेंब थेंब फरशीवर पडलं. ती दिवसभर मधूनमधून तांब्या ओतत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची हाक आली. "ही फरशी कोण घासणार?"

पांढऱ्या फरशीवर नारिंगी डाग उमटला होता. बाबांनी ब्रश मारला, साबण लावला. डाग ढिम्म हलला नाही. धाकटी त्या डागाकडे बघत राहिली आणि मग एकदम आत धावली. तिनं ताईचा नकाशा उलगडला. सगळ्यात खालची प्लेट संपत होती ती थेट दारासमोरच्या पांढऱ्या दगडी पायऱ्यांवर.

तिनं ताईला फोन लावला. "ताई, हे पाणी कुठे जातं?"

"कुठलं पाणी?"

"गंजाचं. शेवटच्या प्लेटेवरून खाली उतरलं की."

"थांब, मी येते," म्हणून ताईनं फोन ठेवला.

ताई तासाभरात घरी आली, ओले केस तसेच बांधून. तिनं फरशी बघितली, नकाशा बघितला आणि कपाळावर हात मारला. "प्लेटा, सांधे, प्लेटांमागची खेळती हवा, सगळं बघितलं गं मी. आणि पायऱ्याच विसरले!" मग दोघी जेवणाच्या टेबलावर वाकल्या. खालची कड हातभर उचलली. पायऱ्या भिंतीपासून पुढे ओढल्या. मधल्या जागेत काळपट गोट्यांचा पट्टा आणि गोट्यांखाली पाणी वाहून नेणारी पन्हळ. बाबांनी पोहे केले, ते दोघींनी नकाशा वाचवत खाल्ले. लहानपणी एका पाटीवर दोघींनी चित्रं काढली होती, त्यानंतर असं खांद्याला खांदा लावून बसणं आजच, आणि धाकटीला ते फार बरं वाटलं.

दुसरं चित्र तिनं पाण्यामागे चालत रंगवलं. प्रत्येक ओघळ बोल्टापासून नाहीतर सांध्यापासून निघाला. छज्ज्याखाली पाऊस पोहोचत नाही, तिथे तिनं एकही ओघळ काढला नाही, गंज नुसता कोरडा आणि फिकट ठेवला. खाली गोटे तांबूस झाले आणि पायऱ्या पांढऱ्याशुभ्र राहिल्या.

शुक्रवारी अध्यक्षबाईंनी चित्र हातात घेतलं आणि बाकी काही न बघता सरळ पायऱ्यांवर बोट ठेवलं. "माझ्या घरच्या फाटकाखाली असलेच डाग आहेत. घासून घासून मी म्हातारी झाले. इथे कोण घासणार?"

ताईनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं चित्रातल्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. "कुणीच नाही. पाणी इथून उतरतं, या गोट्यांत पडतं आणि खालून निघून जातं. पायरीला शिवतच नाही."

बाईंनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. बोट एका बोल्टावरून ओघळाबरोबर सावकाश खाली आलं आणि गोट्यांवर थांबलं. "आणि पाच वर्षांनी कशी दिसेल?"

"हे पाच वर्षांनंतरचंच आहे," धाकटी म्हणाली. "नवी असताना सगळ्याच इमारती चांगल्या दिसतात."

बाई मोठ्यानं हसल्या. मग त्यांच्यामागून अख्खी समिती हसली आणि ताईचा जीव भांड्यात पडला. "लावा तुमचा गंज," बाई म्हणाल्या. "आणि हे चित्र दाराशी टांगा. पाच वर्षांनी मी ताडून बघणार आहे."

बाहेर पडल्यावर दोघी रस्त्यातच एकमेकींना मिठी मारून खिदळल्या. बसथांब्यावरची माणसं वळून बघत होती. बघू देत.

"पुढचं काम नदीकाठच्या शाळेचं आहे," ताई डोळे पुसत म्हणाली. "सोमवारी जागा बघायला जायचंय. तू येतेस."

"नकाशे झाले?"

"अजून एक रेघ मारलेली नाही. आधी तू बघ, मग मी मारते."

धाकटीनं ताईची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि भरभर चालू लागली.

घरी दार उघडंच होतं. बाल्कनीतून खराखरा आवाज येत होता. बाबा गुडघ्यांवर बसून, कुठलंसं नवं औषध ओतून, नारिंगी डाग जिवाच्या आकांतानं घासत होते.

"नका घासू! राहू दे तो डाग!" दोघी एकदमच ओरडल्या.